फक्त एक सही: नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहण्याआधी काय तपासायचं आणि नाही कसं म्हणायचं

पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी बावीस वर्षं काढली. कर्जदार आणि जामीनदार एकाच वेळी माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे आणि कोण कर्जदार, कोण जामीनदार हे न विचारता ओळखू यायचं. कर्जदार प्रत्येक कागदाकडे लक्ष देऊन बघायचा, कारण पैसे त्याला हवे असायचे. जामीनदार घड्याळाकडे बघायचा. त्याला घरून निघताना सांगितलेलं असायचं, ‘पाच मिनिटांचं काम आहे, फक्त सही करायची.’ मग तो आठ-दहा ठिकाणी सही करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. एवढ्या वर्षांत जामीनपत्र पूर्ण वाचलेली माणसं मला बोटांवर मोजता येतील. त्यात एक निवृत्त तलाठी होते. त्यांनी पानन्‌पान वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुतण्याला म्हणाले, ‘बाळा, हे माझ्याच्यानं होणार नाही.’ पुतण्या चिडला. मला मात्र त्या दिवशी वाटलं, आज या टेबलावर एकाने तरी आपलं काम नीट केलं.

हा लेख त्या टेबलाच्या माझ्या बाजूने लिहिलेला आहे. पतसंस्थेचं कर्ज, पगारदार जामीनदार आणि नात्यातला कर्जदार हे महाराष्ट्रात सगळ्यात जास्त दिसणारं चित्र, म्हणून तेच धरून बोलतो. बँकेच्या कर्जाला कायदा तोच लागू होतो, वसुलीची वाट तेवढी वेगळी असते.

जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे

बहुतेकांना वाटतं, जामीन राहणं म्हणजे ‘हा माणूस चांगला आहे’ असं सांगणं. कायद्याला तुमचं मत नको असतं, तुमचे पैसे हवे असतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते, करारात वेगळं काही ठरलं असेल तर ते सोडून. म्हणजे मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळं. कर्जातला एक रुपयाही तुमच्या हाती आलेला नसतो, तरी देणं पूर्ण तुमचंही असतं.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. ‘आधी त्याच्याकडून वसूल करतील, त्याचं घर विकतील, उरलंच तर माझ्याकडे येतील.’ असा क्रम कायद्यात नाही. बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केलं की धनको आधी कर्जदाराच्या मागे लागून थकला पाहिजे असं काही बंधन नाही. तो सरळ जामीनदाराकडे जाऊ शकतो.

आणि तो जातोही. वसुलीला निघालेला माणूस सोपं घर आधी गाठतो. कर्जदाराचं दुकान बंद पडलेलं असतं, गाडी दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते, फोन बंद असतो. जामीनदार मात्र रोज साडेदहाला शाळेत किंवा कार्यालयात हजर असतो आणि त्याचा पगार एक तारखेला जमा होतो. आम्ही ‘पगारदारच जामीनदार आणा’ असा आग्रह धरायचो तो याच कारणासाठी. तुमच्या सहीची गरज पडते याचा अर्थ असा, की त्याच्या एकट्याच्या कागदांवर कर्ज फिटण्याची खात्री वाटत नाही असं कर्ज देणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. ही माहिती तुम्हाला कोणी बोलून दाखवत नाही, पण जामीनदार मागण्यातच ती येते.

एक प्रकरण, आकड्यांसकट

तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलून एक प्रकरण सांगतो. एका गुरुजींच्या साडूने कापडदुकानासाठी ८ लाखांचं कर्ज घेतलं. दर १४ टक्के, मुदत पाच वर्षं, महिन्याचा हप्ता साधारण १८,६०० रुपये. जामीनदार दोन: गुरुजी आणि साडूच्या गावातला एक शेतकरी.

साडूने १४ हप्ते नीट भरले. म्हणजे जवळपास २ लाख ६० हजार रुपये. मग दुकान बसलं आणि हप्ते थांबले. त्या दिवशी मुद्दल किती शिल्लक होतं? सुमारे ६ लाख ६० हजार. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे २ लाख ६० हजार भरूनही मुद्दल जेमतेम १ लाख ४० हजारांनी उतरलं होतं.

पुढे दीड वर्ष साडू ‘या महिन्यात भरतो’ म्हणत राहिला. गुरुजींना यातलं काहीच कळलं नाही. १४ टक्के व्याज आणि वर २ टक्के दंडव्याज, साध्या हिशेबाने धरलं तरी दीड वर्षाचे १ लाख ५८ हजार झाले. येणं ८ लाख १८ हजारांवर गेलं. मूळ कर्ज ८ लाखांचं होतं, हे लक्षात घ्या. १४ हप्ते फेडल्यानंतर गुरुजींच्या दारात जो आकडा आला तो मूळ कर्जापेक्षा मोठा होता.

गुरुजींचा हातात येणारा पगार ५२,००० रुपये. त्यातून स्वतःच्या घराचा हप्ता २१,०००, घरखर्च आणि आईची औषधं १९,०००, मुलीचं कॉलेज ६,०००. उरायचे ६,०००. कर्जाच्या वेळी त्यांच्याकडून पगारकपातीचं संमतीपत्र घेतलेलं होतं आणि त्यात रकमेची जागा कोरी होती. तिथे पुढे १७,००० लिहिले गेले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने असं संमतीपत्र दिलं की पगार देणाऱ्या कार्यालयाला ती रक्कम कापून संस्थेला पाठवावी लागते. जामीनदाराला सही करतानाच नाममात्र सभासद करून घेतात, ते उगाच नाही.

उरत होते ६,००० आणि कपात १७,०००. दरमहा ११,००० चा खड्डा. तो आधी मुलीच्या नावच्या ठेवीतून भरला, मग भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन. आणि १७,००० पैकी सुरुवातीला ८,८०० रुपये नुसत्या चालू व्याजातच जायचे. घरात आधी पैशाचा विषय बंद झाला, मग माहेरचा, मग साडूचा. दोघी बहिणी तीन वर्षं एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत.

‘दुसऱ्या जामीनदाराचं काय?’ असं गुरुजींनी मला विचारलं होतं. तिथेही गैरसमजच असतो. दोन जामीनदार म्हणजे निम्मं-निम्मं, असं संस्थेच्या दृष्टीने नसतं. संस्था पूर्ण रक्कम एकाकडून घेऊ शकते. निम्म्याचा हिशेब जामीनदारांनी आपसात करायचा असतो. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा पगार कापणं सोपं, म्हणून गुरुजींचा नंबर आधी लागला.

उत्तर देण्याआधी: वही घेऊन बसा

कोणी जामीन मागितला तर भावनेचा विचार नंतर करा. आधी जोडीदाराबरोबर बसून एकच आकडा काढा: उद्या हे पूर्ण कर्ज आपल्यावर आलं तर दरमहा किती भरता येईल, आणि त्यासाठी काय मोडावं लागेल? गुरुजींनी हा हिशेब केला असता तर ६,००० आणि १८,६०० हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले असते.

मग कर्ज मागणाऱ्याकडे चार गोष्टी मागा. कर्जमागणी अर्जाची प्रत, म्हणजे रक्कम, दर, मुदत आणि कारण कळतं. त्याच्या बँक खात्याचा वर्षभराचा उतारा. त्याच्यावर आज असलेल्या सगळ्या कर्जांची यादी, त्यात हातउसनेसुद्धा. आणि त्याचा क्रेडिट अहवाल. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, त्यामुळे ‘खर्च येतो’ ही सबब चालत नाही. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. कित्येक पतसंस्थांची कर्जं या अहवालांत दिसतच नाहीत. माणसाने तीन पतसंस्थांत कर्ज काढलेलं असतं आणि अहवाल स्वच्छ असतो. म्हणून खात्याचा उतारा जास्त बोलतो. दर महिन्याला ठरावीक तारखेला संस्थांच्या नावाने पैसे जात असतील तर ती कर्जं आहेत. पगार किंवा धंद्याची जमा आली की दोन दिवसांत खातं रिकामं होत असेल तर नवा हप्ता येणार कुठून, हे त्याला विचारा.

माझा अनुभव सांगतो. हे चार कागद मागितल्यावर निम्मे नातेवाईक परत फोनच करत नाहीत. कागद मागणं हा अपमान नाही. संस्थेने त्याच्याकडे यापेक्षा जास्त मागितलेले असतात आणि त्याने ते विनातक्रार दिलेले असतात.

कर्जाचं कारणही नीट ऐका. ‘आधीचं कर्ज बंद करून नवं घ्यायचंय’ असं कारण असेल तर थांबा. आमच्याकडे त्याला नवं-जुनं करणं म्हणतात. जुनं थकलेलं असतं, ते मार्चअखेर कागदावर चालू दिसावं म्हणून नवं कर्ज देऊन जुनं बुजवतात. अशा वेळी जुना जामीनदार सुटलेला असतो आणि नव्याचा शोध चालू असतो. तो नवा म्हणजे तुम्ही.

बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्या क्रेडिट अहवालातही जामीनदार म्हणून दिसतं. दोन वर्षांनी तुम्हाला घर घ्यायचं असेल, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं असेल, तर तुमची पात्रता ठरवताना हे ओझं मोजलं जाऊ शकतं. त्याने हप्ते चुकवले तर तुमचं नाव खराब होतं, आणि ते कळतं तुम्ही स्वतः अर्ज केल्यावर.

नाही म्हणण्याची रीत

नकाराला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ‘बघू’. आपल्याकडे मागणाऱ्याला ‘बघू’ म्हणजे ‘हो’ ऐकू येतं. तो निर्धास्त होतो, दुसरा जामीनदार शोधत नाही, संस्थेत तुमचं नाव देऊन येतो. मग कर्ज मंजूर झाल्यावर तुम्ही नाही म्हणता आणि त्याच्या लेखी तुम्ही ऐन वेळी पाय ओढणारे ठरता. खरं सांगायचं तर त्या रागात थोडं तथ्य असतं. म्हणून नाही म्हणायचं असेल तर पहिल्या फोनला, फार तर दोन दिवसांत सांगा.

सांगायचं त्याला एकट्याला. लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत नाही. व्हॉट्सअपवर तर नाहीच. घरी जा किंवा फोन करा आणि पहिल्याच वाक्यात नकार द्या. प्रस्तावना लांबली की समोरचा मध्येच धागा पकडतो.

‘दादा, तुझ्या कर्जाला मी जामीन राहू शकत नाही. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. तुझा हप्ता आमच्यावर आला तर आमच्या घराचा हप्ता थांबतो. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण आमची ऐपत तेवढी नाही.’

यात ‘आम्ही दोघांनी’ हे शब्द महत्त्वाचे. बायकोच्या नावावर ढकलू नका. ‘ही नको म्हणते’ म्हटलंत की पुढच्या दिवाळीपासून तिला त्या घरात पाणी विचारणार नाहीत, आणि समोरचा तिचं मन वळवायला बहिणीला पाठवेल. खोटं कारणही देऊ नका. ‘मी आधीच दोन ठिकाणी जामीन आहे, माझी मर्यादा संपली’ असं काहीजण सांगतात. गावात संस्थेचा कारकून ओळखीचा असतो, संध्याकाळपर्यंत खरं कळतं. तुम्ही जामीनही राहिला नाहीत आणि खोटारडेही ठरलात. घराचा हिशेब हे कारण खरं असतं आणि त्यावर कुणाला वाद घालता येत नाही.

यानंतर उत्तरं ठरलेली येतात. ‘अरे फक्त सहीच करायचीय, पैसे मीच भरणार.’ यावर: ‘तू भरशीलच. पण नाही भरता आले तर कागदावर माझं नाव आहे, आणि तेव्हा मला पळता येणार नाही.’ ‘मी तुझ्या वेळी उभा राहिलो होतो.’ हे खरं असेल तर ते आधी मान्य करा: ‘राहिला होतास, मी विसरलो नाही. म्हणूनच मला जे झेपतं ते देतो, जे झेपत नाही त्याचा शब्द देत नाही.’ मग मामा किंवा मोठे काका फोन करतात. ही खरी परीक्षा. मोठ्यांशी वाद घालायचा नाही आणि नव्याने हिशेबही मांडत बसायचं नाही. ‘मामा, मी त्याला कालच स्पष्ट सांगितलंय. तुम्ही म्हणताय म्हणून मदत करायची ती करतो, पण सही नाही.’ तेच वाक्य, त्याच आवाजात, जितक्यांदा फोन येईल तितक्यांदा. कारण बदललंत की त्यांना वाटतं हा पघळतोय.

आईवडील तुमच्याकडे राहत असतील तर त्यांना मात्र आधीच विश्वासात घ्या. नाहीतर ‘माझा मुलगा नाही म्हणणार नाही’ असा शब्द आई परस्पर देऊन बसते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आधी सांगण्याला मी नकाराची पहिली पायरीच म्हणेन. आईवडिलांच्या नावावर जमीन किंवा घर असेल तर तुम्ही नाही म्हटल्यावर सहीसाठी त्यांच्याकडे कोणी जाणार नाही, हेही बघा.

सहीऐवजी काय देता येईल

नुसता नकार दिला तर नातं तुटेल अशी भीती असेल, तर नकाराबरोबर एक मोजकी गोष्ट द्या. मोजकी म्हणजे जिचा तोटा आधीच ठरलेला आहे अशी. गुरुजींना ५०,००० रुपये देणं झेपलं असतं. ते बुडाले असते तरी ५०,००० च बुडाले असते. हातउसने द्यायचे असतील तर बँक खात्यातून द्या आणि ‘उसने दिले’ असा साधा कागद करा. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं प्राप्तिकर कायद्याला चालतही नाही. मनात मात्र ते पैसे गेले असंच धरा.

त्याच्या घरात सोनं असेल तर सोनेतारण कर्जाला जामीनदार लागत नाही. ठेव किंवा विमा पॉलिसी असेल तर तिच्यावर कर्ज निघतं. छोट्या धंद्यासाठी असेल तर मुद्रा योजनेत तरुण गटाची मर्यादा १० लाखांपर्यंत आहे आणि ते कर्ज तारणाशिवाय मिळतं. बँकेत जाऊन अर्ज करायला तुम्ही त्याच्यासोबत जा, धंद्याचा जमाखर्च लिहायला मदत करा. एक दिवस द्या. बँकेने नाकारलं तर का नाकारलं ते विचारा. त्या उत्तरात तुमच्या सहीबद्दलचंही उत्तर असतं.

सही केल्याशिवाय गत्यंतरच नाही अशी वेळ आली तर कलम १२८ मधली ती सवलत वापरा: करारात वेगळं काही ठरलं असेल तर. जामीनपत्रावर स्वतःच्या अक्षरात लिहा, ‘माझी जबाबदारी व्याज व खर्चासह कमाल २,००,००० रुपयांपुरती मर्यादित’, आणि त्याखाली संस्थेच्या अधिकाऱ्याची सही व शिक्का घ्या. बऱ्याच संस्था हे मान्य करत नाहीत, हेही सांगून ठेवतो. नाही म्हणाले तर तुमच्या हातात नकाराचं आणखी एक कारण आलं.

टेबलावर तीन गोष्टी अजिबात करू नका. कोरा धनादेश देऊ नका. जामीनदाराने दिलेला धनादेश वटला नाही तरी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा फौजदारी खटला होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आहे. तिथे प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. विशेषतः पगारकपातीच्या संमतीपत्रातला आकडा तुमच्या समोर लिहिला गेला पाहिजे. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल. ‘नंतर देतो’ म्हणतात ती प्रत कधीच मिळत नाही. मीही तसं म्हटलेलं आहे.

सही आधीच झाली असेल तर

आज कर्ज कुठे आहे ते आधी बघा. जामीनदार म्हणून संस्थेला लेखी अर्ज द्या, कर्ज खात्याचा उतारा आणि जामीनपत्राची प्रत मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. दर तीन महिन्यांनी हेच करा. दोन हप्ते चुकलेले दिसले की त्याच आठवड्यात कर्जदाराकडे जा, कारण दोन हप्ते म्हणजे ३७,००० असतात आणि ते अजून त्याला कुठून तरी उभे करता येतात. गुरुजींचं दीड वर्ष गेलं ते उतारा न मागितल्यामुळे.

‘मला जामीनकीतून मोकळं करा’ असं पत्र देऊन मुदतीच्या कर्जातून सुटता येत नाही, पैसे आधीच दिले गेलेले असतात. कॅश क्रेडिटसारखं फिरतं खातं असेल तर गोष्ट वेगळी. त्यात पुढच्या उचलीसाठीची हमी करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन मागे घेता येते. नोटीस पोचेपर्यंतचं देणं मात्र राहतंच. जामीनदार वारला म्हणूनही आधीचं देणं संपत नाही, वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतं ते मागे येतं.

बाहेर पडण्याची खरी संधी नवं-जुनं करताना येते. त्या वेळी संस्थेला तुमची नवी सही लागते. तेव्हा कितीही गोड बोलले तरी सही करू नका, आणि जुनं खातं बंद झाल्याचा निरंक दाखला मागून घ्या. तुमची संमती न घेता कर्जाच्या अटी बदलल्या तर कलम १३३ जामीनदाराच्या बाजूने आहे. पण छापील जामीनपत्रात बहुधा ‘अटी बदलल्या तरी माझी हरकत नाही’ असं वाक्य आधीच घातलेलं असतं. तुमच्या प्रतीत ते आहे का ते शोधा.

थकबाकी वाढली की पतसंस्था कोर्टात न जाता उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज करते. त्याची नोटीस जामीनदारालाही येते. लोक ती घेत नाहीत, घराला कुलूप लावतात. याने काहीच थांबत नाही, फक्त तुमचं म्हणणं न ऐकता दाखला निघतो. आणि तो एकदा निघाला की त्यातली रक्कम येणं असल्याचा तो अंतिम पुरावा मानला जातो. मग कलम १५६ खाली विशेष वसुली अधिकारी जप्तीला येऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरावे लागतात. गुरुजींच्या बाबतीत ते ४ लाखांच्या वर गेले असते.

म्हणून सुनावणीला जाच, आणि लेखी म्हणणं द्या. त्यात खाते उतारा जोडा, व्याजाचा दर करारातल्या दराशी जुळतो का ते दाखवा, भरलेले हप्ते सगळे जमा धरलेत का ते तपासा, कर्जदाराच्या आणि दुसऱ्या जामीनदाराच्या मालमत्तेचे तपशील गट नंबरांसह द्या. त्यांच्यापासून सुरुवात करा असा हक्क तुम्हाला नाही, पण वसुली अधिकाऱ्याच्या हातात आयती माहिती आली तर तो तिकडेही वळतो. एकरकमी परतफेडीची सवलत असेल तर तीही तिथेच विचारा.

शेवटी भरावंच लागलं तर एक पैही कर्जदाराच्या हातात देऊ नका. ‘तू मला दे, मी भरतो’ यावर गेलेले पैसे मी परत आलेले पाहिले नाहीत. आपल्या खात्यातून सरळ कर्ज खात्यात भरा आणि पावतीवर ‘जामीनदाराकडून’ असं लिहून घ्या. ही पावती म्हणजे तुमचा पुढचा दावा. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराने त्याला देणं लागतं. सगळं देणं तुम्ही फेडलंत तर कलम १४० आणि १४१ प्रमाणे संस्थेचे हक्क आणि तिच्याकडचं तारणही तुमच्याकडे येतं, आणि दुसऱ्या जामीनदाराकडून कलम १४६ प्रमाणे त्याचा वाटा मागता येतो.

या दाव्याला मुदत आहे: पैसे भरल्यापासून तीन वर्षं. गुरुजी माझ्याकडे आले तेव्हा पहिल्या कपातीला दोन वर्षं आठ महिने झाले होते. साडूवर दावा लावायला मन घेत नाही म्हणाले. मी त्यांना एवढंच दाखवलं की चार महिन्यांनी पहिले १७,००० मुदतबाह्य होतील, त्याच्या पुढच्या महिन्यात दुसरे, मग तिसरे. त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. साडू पहिल्यांदाच स्वतःहून घरी आला आणि गावातल्या प्लॉटच्या विक्रीतून ३ लाख द्यायचं त्याने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. ते पैसे दोन टप्प्यांत आले. बाकीच्या रकमेसाठी गुरुजींनी मुदत संपायच्या आत दावा दाखल केला, तो मी निवृत्त झालो तेव्हा चालूच होता.